बिलातला आकडा वाढवला की खरा खर्चही का अडकतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेल आणि लॉजच्या खोल्यांवरील जीएसटीचा दर बदलला. ज्या खोलीचे एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत आहे तिच्यावर पूर्वी १२ टक्के कर होता, तो ५ टक्के झाला. त्यानंतर अनेक कार्यालयांच्या हिशेब विभागांत एक चमत्कारिक गोष्ट घडली. नव्या तारखेच्या पण जुन्या १२ टक्के दराच्या बिलांवर बोट ठेवले गेले आणि त्यांतली काही बिले लॉजच्या गल्ल्यावर बनलेलीच नव्हती, ती शिल्लक राहिलेल्या जुन्या कोऱ्या पावतीपुस्तकातून नंतर भरलेली होती, हे उघड झाले. बिल अडलेल्या माणसाची तक्रार मात्र बहुतेक वेळा एकच असते: "खर्च तर माझा झालाच होता, मग नाकारला का?"

रत्नागिरीत बरीच वर्षे प्रवासाची बिले तपासल्यावर माझे मत असे झाले आहे की ही तक्रार नेहमीच लबाडीची नसते. कोकणात फिरतीवर असणाऱ्या माणसाचे अनेक खर्च पूर्णपणे खरे असतात, पण त्यांची पावती मिळत नाही. मग तो पावती नसलेला खर्च पावती असलेल्या खर्चात मिसळतो. हा लेख केवळ त्या मिसळण्याविषयी आहे.

आधी दोन शब्द

प्रतिपूर्ती म्हणजे कामासाठी तुम्ही स्वतःच्या खिशातून केलेला खर्च संस्थेने तुम्हाला परत देणे. तो पगार नाही, बक्षीस नाही आणि भत्ताही नाही. भत्त्यात ठरलेली रक्कम मिळते, मग खर्च कमी झाला काय आणि जास्त झाला काय. प्रतिपूर्तीत मात्र जेवढा खर्च झाला तेवढाच, आणि तोही नियमातल्या मर्यादेपर्यंत मिळतो. बहुतेक गोंधळ या दोहोंतील फरक विसरल्यामुळे होतो. "दिवसाला २,००० पर्यंत राहण्याचा खर्च मिळेल" हे वाक्य पुष्कळ जण "दिवसाला २,००० मिळतील" असे वाचतात.

दुसरा शब्द व्हाउचर. पैसे का, कोणाला आणि कोणाच्या मंजुरीने दिले हे सांगणारा कागद म्हणजे व्हाउचर. दुकानदाराचे बिल हे बाहेरून आलेले व्हाउचर असते. बिल मिळत नसेल तेव्हा खर्च करणाऱ्याने स्वतः लिहून सही केलेला कागदही व्हाउचर ठरू शकतो. ही दुसरी सोय पुष्कळांना ठाऊकच नसते आणि तिथूनच पाय घसरतो.

वेलदूरचा दौरा

उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा मी कधी ना कधी टेबलावर पाहिलेला आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात बर्फाला मागणी कमी असल्याने बर्फ कारखान्यांची दुरुस्ती उरकून घेतात. शीतयंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीचा रत्नागिरीचा तंत्रज्ञ जुलैमध्ये गुहागर तालुक्यातील वेलदूरच्या बाजूला एका बर्फ कारखान्यात कामाला गेला. तो स्वतःच्या मोटारसायकलने जयगडला पोहोचला, फेरीबोटीने तवसाळला उतरला आणि दोन रात्री गुहागरच्या एका लॉजमध्ये राहिला.

त्याचा हिशेब साधा होता. लॉजचे भाडे रोज १,४०० प्रमाणे २,८०० आणि त्यावर ५ टक्के कर १४०, म्हणजे २,९४० रुपये. मोटारसायकल १७८ किलोमीटर चालली, कंपनीच्या ४ रुपये दराने ७१२ रुपये झाले. फेरीबोटीची जाण्यायेण्याची तिकिटे १६० आणि खानावळीची बिले ६४० रुपये. पावती असलेला एकूण खर्च ४,४५२ रुपये झाला.

याशिवाय कॉम्प्रेसरची मोटर एसटीच्या पार्सलने गुहागर स्थानकावर आली होती. ती कारखान्यापर्यंत नेण्यासाठी टेम्पोवाल्याला ५०० रुपये दिले, दोन हमालांना ३०० दिले, आणि मोटर बसवण्याची पट्टी जुळेना म्हणून गावातल्या एका शेडमध्ये वेल्डिंग करून घेतले त्याचे ४०० दिले. या १,२०० रुपयांची एकही पावती नव्हती. भर पावसात भिजून केलेल्या कामात हे पैसे खिशातून जावेत असे कोणालाच वाटणार नाही.

मग लॉजवरून निघताना त्याने व्यवस्थापकाला विनंती केली, "दर १,४०० च्या जागी २,००० टाका ना. माझे बाराशे रुपये बाहेर गेलेत." दोन दिवसांचे ४,००० आणि त्यावर कर २००, म्हणजे ४,२०० रुपयांचे बिल झाले असते.

व्यवस्थापक नाही का म्हणाला

यात लॉजचे काही जात नाही असे वाटते, पण ते खरे नाही. नोंदणी असलेल्या लॉजचे बिल सलग अनुक्रमांकाचे असावे लागते. सेवेच्या बिलाच्या दोन प्रती होतात, मूळ प्रत गिऱ्हाइकाला मिळते आणि दुसरी लॉजकडे राहते. बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक घातला असेल तर ते एकटे बिल क्रमांकासह लॉजच्या विवरणपत्रात जाते आणि कंपनीला आपल्या बाजूच्या पत्रकात दिसते. म्हणजे ४,२०० चे बिल दिले की लॉजला १,२०० रुपयांची न झालेली विक्री दाखवावी लागेल आणि न घेतलेला ६० रुपयांचा कर सरकारला भरावा लागेल. ते टाळायचे तर गिऱ्हाइकाच्या प्रतीवर एक आकडा आणि आपल्या प्रतीवर दुसरा ठेवावा लागेल, आणि हा त्याहून मोठा धोका आहे. चुकीचे किंवा खोटे बिल देण्याबद्दल केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १२२ खाली १०,००० रुपये किंवा चुकवलेल्या कराइतकी रक्कम, यांपैकी जी जास्त असेल तितका दंड होऊ शकतो. बाराशे रुपयांच्या उपकारासाठी कोणता शहाणा लॉजवाला हे गळ्यात बांधून घेईल?

गंमत अशी की हिशेब तंत्रज्ञाच्या बाजूनेही जुळत नाही. गेले १,२०० आणि वाढले १,२६०. वरचे ६० रुपये कराच्या नावाखाली आले, जो कर कोणी घेतला नाही आणि कोणी भरणारही नव्हता. आकडे मिसळताना माणूस स्वतःला सांगत असतो की मी फक्त माझेच परत घेतो आहे, पण कागद तसे म्हणत नाही.

"एकूण रक्कम तर तेवढीच होती"

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो प्रामाणिकपणे घेतला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबू.

बिलाला किंमत असते ती त्यावर छापलेल्या आकड्यामुळे नव्हे. ज्याला तुमच्या प्रतिपूर्तीशी काही देणेघेणे नाही असा तिसरा माणूस त्यात सांगतो की अमुक दिवशी, अमुक सेवेचे मी इतके पैसे घेतले. बिल म्हणजे साक्षीदार. साक्षीदाराला एका वाक्यापुरते खोटे बोलायला लावले की त्याच्या उरलेल्या वाक्यांवर विसंबण्याचे कारण संपते. दोन रात्री खरोखर राहिला का? की एकच रात्र? एक वाक्य पढवलेले आहे हे कळल्यावर त्याच कागदाच्या आधारे बाकीचे ठरवता येत नाही.

देवगडच्या हापूसच्या पेटीचे उदाहरण आपल्याकडे सगळ्यांना समजते. वरच्या थरात अस्सल देवगडचा आंबा आणि खाली कर्नाटकातला, अशी पेटी वाशीच्या बाजारात उघडी पडली की व्यापारी खालचा थर वजा करून वरच्याचे पैसे देत बसत नाही. तो पेटी बाजूला ठेवतो आणि त्या बागायतदाराच्या मागच्या पेट्याही उघडायला सांगतो. वरचा आंबा खोटा नसतो. पेटीवरच्या नावाचा भरवसा गेलेला असतो, आणि भाव त्या नावाचा होता.

याखेरीज खर्चाचे खाते बदलते. राहण्याचा खर्च, मालवाहतूक आणि दुरुस्ती ही कंपनीच्या वहीत तीन वेगळी खाती आहेत. वेल्डिंगचे ४०० रुपये ज्या बर्फ कारखान्याच्या कामासाठी गेले त्याच्याकडून कंपनी ते कदाचित वसूल करू शकली असती. लॉजच्या भाड्यात दडलेले ४०० रुपये ती कोणाकडे मागणार?

हे कळते कसे

त्यासाठी गुप्तहेर लागत नाही. बहुतेक वेळा बेरीज-गुणाकारच बोलतात. हाताने १,४०० चे २,००० केले जातात, पण कराच्या ओळीत ७० अधिक ७० तसेच राहतात. २,८०० वर ५ टक्के म्हणजे १४० आणि ४,००० वर २००, हे तपासणाऱ्याला डोळे मिटून माहीत असते. अक्षरी रकमेतही खाडाखोड दिसते.

दुसरी खूण हंगामाची. कोकणातल्या लॉजचे दर मे महिन्यात आणि डिसेंबरच्या शेवटी चढतात, तर भर पावसात उतरतात. त्याच लॉजमध्ये आठ दिवस आधी राहिलेल्या दुसऱ्या सहकाऱ्याच्या बिलावर १,४०० असेल आणि तुमच्या बिलावर नेमके कंपनीच्या मर्यादेइतके २,००० असतील, तर प्रश्न विचारलाच जातो. मर्यादेला अचूक टेकणारे बिल खोटेच असते असे नाही, पण ते दुसऱ्यांदा पाहिले जाते. अनुक्रमांकही बोलतो. १४ तारखेचे बिल ३१८ क्रमांकाचे आणि २० तारखेचे ३०५ क्रमांकाचे असेल तर ते पुस्तक तारखेच्या क्रमाने भरलेले नाही.

सगळ्यांत सरळ पुरावा पैसे देण्याचा. यूपीआयने २,९४० रुपये गेल्याची नोंद तुमच्या बँकेत, लॉजच्या बँकेत आणि दोघांच्या फोनमध्ये राहते. त्या व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. बिल ४,२०० चे आणि भरणा २,९४० चा असेल, तर "उरलेले रोख दिले" असे सांगावे लागते. मग हिशेबनीस लॉजला फोन करतो आणि तिथल्या दुसऱ्या प्रतीवरचा आकडा विचारतो.

"खोटा भाग कापा, खरा द्या"

हिशेबनिसाने ४,२०० मधून १,२६० कापून २,९४० का देऊ नयेत? लेखनाची चूक असेल तर तो तसे करतोही. बेरीज चुकली, एक जेवण दोनदा लिहिले गेले, अशा ठिकाणी लाल शाईने दुरुस्ती करून उरलेली रक्कम मंजूर होते. पण कागद जाणूनबुजून बदललेला आहे असे दिसल्यावर तो मंजूर करणे म्हणजे खोट्या व्हाउचरवर आपली सही करणे. वर्षअखेरीला लेखापरीक्षक ते व्हाउचर उचलेल तेव्हा उत्तर हिशेबनिसाला द्यावे लागते. त्यामुळे तो कागद परत करतो, आणि पुष्कळ संस्थांत त्या दौऱ्याचे सगळेच बिल रोखून मागची बिलेही काढली जातात.

शिवाय हा केवळ कार्यालयीन नियमाचा भंग राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणूक, बनावट दस्तऐवज वापरणे आणि नोकराने हिशेबात खोटी नोंद करणे हे वेगवेगळे गुन्हे आहेत. प्रत्यक्षात लहान रकमेसाठी कोणी पोलिसांकडे धावत नाही, मेमो मिळतो, वसुली होते, कधी नोकरी जाते. मात्र रक्कम लहान असल्याने कृत्याचा प्रकार बदलत नाही. बिल अजून तपासले गेले नसेल आणि चूक लक्षात आली असेल, तर ते स्वतः मागे घेऊन खरे बिल जोडणे हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे. विचारणा झाल्यानंतर मागे घेतलेल्या बिलाकडे तितक्या मऊपणाने पाहिले जात नाही.

मग पावती नसलेले बाराशे मागायचे कसे

ते जसे झाले तसेच, वेगळ्या कागदावर मागावेत. बहुतेक संस्थांच्या नियमांत लहान, पावती न मिळणाऱ्या खर्चासाठी स्वतःच्या सहीचे व्हाउचर चालते आणि त्याची एक मर्यादा असते. ती मर्यादा दौऱ्याला निघण्यापूर्वी विचारून घ्यावी. व्हाउचरवर तारीख, ठिकाण, काम, कोणाला दिले, किती दिले आणि पावती का मिळाली नाही हे लिहावे. "किरकोळ खर्च १,२००" असे एका ओळीत लिहिलेले व्हाउचर परत येते, कारण त्यात तपासण्यासारखे काही नसते. त्याऐवजी असे लिहावे:

"दि. १६ जुलै. गुहागर एसटी स्थानक ते वेलदूर येथील बर्फ कारखाना, कॉम्प्रेसरची मोटर नेण्यासाठी टेम्पोभाडे रु. ५००. चालकाकडे पावतीपुस्तक नव्हते. पैसे यूपीआयने दिले, भरण्याची नोंद आणि एसटी पार्सलची पावती सोबत जोडली आहे."

यातल्या शेवटच्या वाक्याकडे पाहा. टेम्पोची पावती नाही, पण पार्सलची आहे, आणि मोटर स्थानकावरून कारखान्यात पायी गेली नाही हे कोणालाही कळते. एका खर्चाचा पुरावा दुसऱ्या कागदात असतो, तो शोधून जोडायचा. हमालांसाठी साध्या कागदावर "मोटर उतरवणे व चढवणे, रु. ३०० मिळाले" असे लिहून त्यांची सही किंवा अंगठा घेता येतो. रोख रक्कम ५,००० रुपयांहून जास्त असेल तर पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लागते, पण त्याखालच्या रकमेला लागत नाही. वेल्डिंगसाठी कारखान्याच्या व्यवस्थापकाने काम झाल्याचे दोन ओळींत लिहून दिले तर ते शेडवाल्याच्या पावतीपेक्षाही उपयोगी पडते.

जीएसटी क्रमांक नसलेले बिल म्हणजे कच्चे बिल, अशीही एक समजूत आहे. लहान खानावळीची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर तिला तो क्रमांक नसतोच. तिने कर लावला नाही म्हणून तिचे बिल खोटे ठरत नाही, उलट क्रमांक नसताना कर लावला असता तर प्रश्न आला असता. नाव, गाव, तारीख, काय खाल्ले आणि किती रुपये एवढे असले की ते बिल पुरते.

किलोमीटर मात्र आठवून लिहू नयेत. निघताना आणि परतल्यावर गाडीच्या मीटरचा फोटो काढावा. "अंदाजे २००" पेक्षा "१८,४१२ ते १८,५९०" हे कमी पैशांचे असले तरी प्रश्न न विचारता मंजूर होते.

आपल्या हवेचीही एक अडचण आहे. पेट्रोल पंपाच्या आणि बऱ्याच हॉटेलांच्या पावत्या उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर असतात, आणि उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत किंवा दमट खिशात त्या काही दिवसांत पांढऱ्या पडतात. त्यावर पेनाने आकडा पुन्हा उमटवणारा माणूस बहुधा निर्दोष असतो, पण कागद आता खाडाखोडीचा दिसतो. पावती मिळताच फोटो काढावा आणि पुसट झाल्यास मूळ कागदासोबत तो फोटो छापून जोडावा. बिल हरवले तर देणाऱ्याकडून त्याच क्रमांकाची, "दुय्यम प्रत" असे लिहिलेली प्रत मागावी, नव्या क्रमांकाचे नवे बिल मागू नये. बिलातच चूक असेल तर दुरुस्ती बिल देणाऱ्यानेच करायची आणि सही करायची.

उलट्या बाजूची एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. लॉजच्या बिलात तुमच्यासोबत जेवलेल्या भावाची सुरमई थाळीही असेल तर बिलावर काही खोडू नका. मागणीच्या अर्जावर "बिल इतके, वैयक्तिक वजा इतके, मागणी इतकी" असे लिहा. स्वतःहून वजा केलेली एक ओळ पाहिली की तपासणाऱ्याचा हात उरलेल्या कागदांवर सैल पडतो, हे मी अनुभवाने सांगतो.

"कंपनीचा दरच अपुरा आहे"

असू शकतो. पण खोट्या लॉज बिलांचा सर्वांत विचित्र परिणाम इथेच दिसतो. दहा तंत्रज्ञ दहा दौऱ्यांत हमाली आणि टेम्पो लॉजच्या भाड्यात घालत राहिले, तर कार्यालयाच्या वहीत हमाली शून्य दिसते आणि गुहागरचे लॉज महाग दिसतात. पुढच्या वर्षी दर ठरवणारा साहेब राहण्याची मर्यादा वाढवण्याचा विचार करतो आणि स्थानिक वाहतुकीला काहीच ठेवत नाही. खर्च खऱ्या नावाने, खऱ्या रकमेने नाकारला गेला तरी त्याची नोंद राहते, आणि "दर दौऱ्याला स्थानकापासून टेम्पो लागतो" असे सांगताना हातात कागद असतो. मर्यादेपेक्षा जास्त खर्च होणार हे आधी दिसत असेल तर निघण्यापूर्वी साहेबांना संदेश पाठवून लेखी होकार घ्यावा. "मोटर जड आहे, टेम्पो करावा लागेल, ५०० च्या आसपास" एवढा संदेशही पुरतो.

वेलदूरच्या त्या तंत्रज्ञाने शेवटी २,९४० चे बिल घेतले आणि ५,६५२ रुपयांची मागणी तीन व्हाउचरसह दिली. टेम्पो आणि हमाली मंजूर झाली. वेल्डिंगचे ४०० रुपये अडले, कारण दुरुस्तीसाठी बाहेरून काम करून घ्यायला आधी परवानगी लागते असा नियम होता. त्याने कारखान्याच्या व्यवस्थापकाची सही असलेला कामाचा कागद पाठवला, तेव्हा ते ४०० रुपये पुढच्या महिन्यात, ग्राहकाच्या खात्यावर टाकून, त्याला मिळाले.